इंडेम्निटी की गॅरंटी? माल सोडायच्या आधी कागद कसा करायचा आणि नंतर पैसे कोण कोणाकडून मागू शकतो

माझ्याकडे वसुलीसाठी येणाऱ्या फायलींमध्ये एक कागद हमखास सापडतो. वर ठळक अक्षरात ‘इंडेम्निटी बॉण्ड’ आणि खाली मजकूर असा की अमुक दुकानदाराने बिलं भरली नाहीत तर मी भरेन. म्हणजे नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं. कोर्ट शीर्षक बघत नाही, आतला मजकूर बघतं, त्यामुळे नुसतं नाव चुकलं म्हणून कागद बाद होत नाही, पण ज्याने तो करून घेतला त्याला आपल्या हातात नक्की काय आहे हेच माहीत नसतं आणि मग पुढची प्रत्येक पायरी चुकत जाते, नोटीस चुकते, मुदतवाढ चुकते, तडजोड पण चुकते.

हे सगळं भारतीय करार कायदा १८७२ मध्ये आहे, कलम १२४ ते १४७. त्यातलं व्यापाऱ्याला लागतं तेवढंच घेतो आणि दोनच व्यवहार शेवटपर्यंत नेतो: एक बिल्टी, म्हणजे जी दाखवून ट्रान्सपोर्टकडून माल सोडवायचा ती पावती, हरवल्याचा आणि एक उधारीवर माल दिल्याचा.

## १. आधी माणसं मोजा

कागद टाइप करायला बसायच्या आधी एका कोऱ्या पानावर लिहा: मुळात देणं कोणाचं आहे?

बिल्टीवाला व्यवहार बघा. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला दोन लाखांचा माल येऊन पडलाय, एक व्यापारी येतो आणि म्हणतो माल माझाच आहे पण बिल्टी गहाळ झाली. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, ठीक आहे, इंडेम्निटी बॉण्ड दे, उद्या दुसरा कोणी खरी बिल्टी घेऊन आला आणि मला भुर्दंड बसला तर तो तू भरायचा. इथे माणसं दोनच, ट्रान्सपोर्टवाला आणि व्यापारी. आज कोणाचंही काही देणं नाहीये, पुढे कदाचित नुकसान होईल आणि झालंच तर ते भरून द्यायचं वचन आहे. ही इंडेम्निटी, म्हणजे कलम १२४. नुकसान वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे होवो किंवा तिसऱ्याच कोणाच्या वागण्यामुळे, दोन्ही यात बसतं.

आता उधारीवाला. होलसेलर एका नव्या दुकानदाराला प्लायवूड उधारीवर द्यायला कचरतोय. दुकानदाराचा मेहुणा येऊन सांगतो, ‘माल द्या, त्याने नाही दिले तर मी देतो.’ इथे माणसं तीन. देणं दुकानदाराचं, मेहुणा त्याच्यामागे उभा. ही गॅरंटी, कलम १२६. मेहुणा जामीनदार, दुकानदार मूळ कर्जदार, होलसेलर धनको. यात करारही खरं तर तीन असतात: होलसेलर-दुकानदार, होलसेलर-मेहुणा आणि न लिहिताच तयार होणारा तिसरा, दुकानदार-मेहुणा. हा तिसरा शेवटच्या टप्प्यात कामाला येतो, लक्षात ठेवा.

सावधान: मेहुणा जर म्हणाला ‘माल त्याच्या दुकानात टाका, पैशाचं माझ्याकडे’, तर ही दोन्हीपैकी काहीच नाही! इथे ‘त्याने नाही दिले तर’ हा भागच गायब आहे, म्हणजे माल उतरला दुकानात पण खरेदीदार मेहुणा. अशा वेळी बिल कोणाच्या नावाने फाडलं हा मोठा पुरावा होतो. बिल दुकानदाराच्या नावाने फाडायचं आणि नंतर म्हणायचं की देणं मेहुण्याचंच होतं, हे दोन्ही एकदम चालत नाही, समोरचा वकील तेच बिल तुमच्यापुढे धरतो.

## २. तारीख: कागद मालाच्या आधी

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडालेले मी पाहिलेत आणि चूक अगदी साधी असते. माल जानेवारीत गेला, पैसे अडकले, एप्रिलमध्ये दुकानदार मेहुण्याला घेऊन आला आणि मेहुण्याने बिचाऱ्याने लाजेखातर लिहून दिलं की मी जबाबदार. होलसेलर खूश. पण गॅरंटीला मोबदला लागतो, आणि कायद्याच्या कलम १२७ खालच्या उदाहरणांतच अगदी हाच प्रसंग दिलाय: माल आधी विकून ताब्यात दिला, नंतर तिसऱ्याने काहीही न घेता हमी दिली, ती रद्दबातल.

मोबदला मेहुण्याच्या खिशात जायला हवा असं मात्र नाही हं. दुकानदाराच्या भल्यासाठी होलसेलरने काही केलं किंवा कबूल केलं तरी पुरतं. म्हणून एप्रिलमध्ये कागद करायची वेळ आलीच तर त्यात होलसेलरने नवं काहीतरी द्यायचं आणि ते लिहायचं. उदाहरणार्थ, ‘जामीनदाराच्या विनंतीवरून मी या थकबाकीसाठी सहा महिने दावा लावणार नाही आणि त्या बदल्यात जामीनदार ही हमी देत आहे.’ एवढ्या एका वाक्याने मेलेला कागद जिवंत होतो.

चेक करा: गॅरंटीच्या कागदावरची तारीख आणि पहिल्या बिलाची तारीख शेजारी शेजारी ठेवा. बिल आधीचं असेल तर मोबदल्याचं वाक्य आहे का बघा. मागची तारीख टाकायच्या फंदात पडू नका, स्टॅम्प पेपर कधी घेतला ते त्यावरच छापलेलं असतं.

## ३. मजकूर लिहिताना

गॅरंटी तोंडीसुद्धा चालते, कलम १२६ मध्ये तसं स्पष्ट आहे. पण तोंडी गॅरंटी सिद्ध करायला साक्षीदार उभे करावे लागतात आणि तोपर्यंत ते साक्षीदार पण मेहुण्याचेच पाहुणे निघतात. त्यामुळे लेखीच करा.

गॅरंटीत मला चार गोष्टी हव्याच असतात: मूळ कर्जदार कोण, हमी एका बिलाची की चालू खात्याची, जास्तीत जास्त किती रकमेची आणि उधारीची मुदत किती दिवसांची. चालू खात्याची म्हणजे एकामागून एक होत जाणाऱ्या सगळ्या बिलांना लागू, तिला कायद्यात कायम चालू राहणारी हमी म्हणतात. त्यातली गोम अशी की जामीनदार कधीही नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती काढून घेऊ शकतो, आणि तो वारला तर वेगळं काही ठरलेलं नसेल तोवर पुढच्या व्यवहारांपुरती ती आपोआप संपते. आधीच्या बिलांची जबाबदारी दोन्ही वेळी राहतेच.

इंडेम्निटीत भर वेगळ्या गोष्टीवर द्यायचा: कुठल्या घटनेने होणारं नुकसान. ‘कोणत्याही प्रकारचे सर्व नुकसान’ असं सही करणाऱ्या व्यापाऱ्याने कधीच मान्य करू नये. ट्रान्सपोर्टवाल्याचा छापील नमुना असतो त्यात नेमकं तेच असतं आणि घाईत आपण सही ठोकून मोकळे होतो (मी पण एकदा स्वतःच्या सामानासाठी न वाचता ठोकली होती, दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा मी). आपल्याला हवं ते असं: बिल्टी क्रमांक, तारीख, नग, मालाची किंमत, आणि ‘सदर माल मला दिल्यामुळे बिल्टीधारकाने केलेल्या मागणीतून होणारे नुकसान, कमाल रक्कम इतकी’. जमलं तर शेवटची तारीखही घाला.

## ४. कोण कोणावर दावा लावू शकतो

हा भाग सावकाश वाचा, कारण दोन्ही कागदांमधला खरा फरक व्यवहारात इथेच दिसतो.

इंडेम्निटीचा कागद वापरायचा हक्क एकाच माणसाला, ज्याला वचन दिलं त्याला. आपल्या उदाहरणात ट्रान्सपोर्टवाला. वीस दिवसांनी खरी बिल्टी घेऊन दुसरी पार्टी आली समजा. त्या पार्टीला व्यापाऱ्याने दिलेल्या बॉण्डवर दावा लावता येत नाही, ती त्या करारात नाहीच. ती ट्रान्सपोर्टवाल्याला धरेल, किंवा आपला माल लाटला म्हणून व्यापाऱ्यावर वेगळा दावा लावेल, पण बॉण्ड हा तिचा कागद नव्हे. लोक ‘बॉण्डमध्ये माझ्या मालाचा उल्लेख आहे ना’ म्हणून भांडतात. उल्लेख असल्याने हक्क येत नाही.

गॅरंटी वापरायचा हक्क धनकोला, म्हणजे होलसेलरला. दुकानदार मेहुण्याला सांगू शकत नाही की तू हमी दिलीयस, आता जाऊन माझे पैसे भर. आणि होलसेलरने आधी दुकानदारावर दावा लावून, हुकूमनामा घेऊन, मालमत्ता जप्त करून मगच मेहुण्याकडे जावं असं अजिबात नाही. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, आणि सुप्रीम कोर्टाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय की धनकोला आधी मूळ कर्जदाराच्या मागे धावायला लावता येणार नाही. दुकानदाराने देय तारीख चुकवली की दार उघडलं, मग दोघांवर एकत्र दावा लावा नाहीतर एकट्या मेहुण्यावर. अर्थात कागदात वेगळं लिहिलं असेल, जसं ‘आधी लेखी मागणी केल्यावर’, तर तसं करावं लागेल.

आणि भरणाऱ्याला पुढे काय? मेहुण्याने पैसे भरले की तो स्वतःच्या नावाने दुकानदारावर दावा लावू शकतो आणि होलसेलरकडे तारण म्हणून काही असेल तर तेही त्याला मिळतं, तारण आहे हे हमी देताना त्याला माहीत नसलं तरी. इंडेम्निटी देणारा मात्र तिसऱ्या माणसावर स्वतःच्या नावाने सहसा जाऊ शकत नाही, कारण त्या दोघांत करारच नसतो. त्याने नुकसान भरताना हक्क आपल्या नावे लेखी हस्तांतरित करून घ्यावेत, नाहीतर ज्याला भरपाई दिली त्याच्या नावाने दावा चालवावा लागतो आणि तोपर्यंत त्या माणसाचा यातला रस संपलेला असतो.

## ५. खातं चालू असताना: जामीनदार कसा सुटून जातो

इंडेम्निटीचा कागद एकदा केला की पडून राहतो. गॅरंटी तशी नाही, ती होलसेलरच्याच हाताने मोडते आणि त्याला पत्ता पण लागत नाही.

आपल्या मेहुण्याची हमी पाच लाखांपर्यंतची, चालू खात्याची, उधारी ४५ दिवस. पहिलं बिल १,२०,००० चं, दुसरं ९०,००० चं. दुकानदाराची तंगी सुरू झाली, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, होलसेलरने उत्तर दिलं: ‘ओके, आता सगळ्या बिलांना ९० दिवस, महिना दीड टक्का व्याज लागेल.’ दुकानदाराने होकाराचा अंगठा टाकला. मेहुण्याला कोणी कळवलं नाही. त्यानंतर तिसरं बिल १,६०,००० चं गेलं. एकूण ३,७०,००० थकले आणि होलसेलर गॅरंटीचा कागद घेऊन मेहुण्याकडे निघाला.

हिशोब करू. तिसरं बिल अटी बदलल्यानंतरचं, कलम १३३ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या की पुढच्या व्यवहारांतून तो मोकळा. १,६०,००० गेले. राहिली पहिली दोन बिलं. ‘सगळ्या बिलांना’ म्हटलंय म्हणजे त्या दोन बिलांनाही व्याजाच्या बदल्यात करार करून मुदत दिली, आणि असा मुदतीचा करार जामीनदाराला न विचारता केला की कलम १३५ लागतं, तो त्यांतूनही सुटतो. म्हणजे हातात शून्य! तोच मेसेज ‘इथून पुढच्या बिलांना ९० दिवस’ असा असता तर पहिल्या दोन बिलांचे २,१०,००० मेहुण्याकडून मिळाले असते. दोन शब्दांचा फरक आहे.

याचा अर्थ दुकानदाराला जरा सांभाळून घेतलं की हमी गेली असा मात्र नाही. नुसतं गप्प बसणं, दावा न लावणं, फोन करून वाट बघणं याने जामीनदार सुटत नाही, कलम १३७ तेच सांगतं. करार करून मुदत दिली की सुटतो. दुकानदाराशी कमी रकमेत तडजोड केली किंवा त्याला देण्यातून मोकळं केलं तरी सुटतो.

चेक करा: रेट, मुदत, व्याज, लिमिट यातलं काहीही बदलायच्या आधी जामीनदाराचा लेखी होकार. ‘वरील बदल मला मान्य आहे, माझी हमी चालू राहील’ एवढा मेसेज त्याच्या नंबरवरून आला तरी काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. बँकांच्या छापील गॅरंटीत ही संमती आधीच लिहून घेतलेली असते, म्हणून बँका या खड्ड्यात क्वचित पडतात. तुम्हीही कागद करतानाच तसं कलम घालू शकता.

## ६. प्रत्यक्ष मागणी करताना

गॅरंटी असेल तर आधी लेजर जुळवा. परत आलेला माल, क्रेडिट नोट, मधे आलेली रोख रक्कम सगळं वजा करा आणि मगच आकडा लिहा, कारण जामीनदाराची जबाबदारी दुकानदाराच्या देण्यापेक्षा एक रुपयाही जास्त होऊ शकत नाही. नोटीस दोघांना पाठवा, बिलवार तपशील द्या, हमीची तारीख आणि मर्यादा लिहा.

इंडेम्निटी असेल तर घाई आणि ढिलाई दोन्ही महागात पडतात. बिल्टीवाल्या पार्टीची दोन लाखांची नोटीस ट्रान्सपोर्टवाल्याला आली की त्याने पहिलं काम हे करायचं, त्या नोटिशीची प्रत व्यापाऱ्याला पाठवायची आणि विचारायचं, लढू की मिटवू? कलम १२५ प्रमाणे दाव्यात भरावी लागलेली रक्कम, दाव्याचा खर्च आणि तडजोडीत दिलेले पैसे तिन्ही मागता येतात, पण खर्च आणि तडजोडीला अट आहे: इंडेम्निटी देणाऱ्याच्या सूचनेविरुद्ध जाऊन केलेलं नसावं आणि बॉण्ड नसता तरी शहाण्या माणसाने जे केलं असतं तेवढंच असावं. समजा व्यापारी गप्पच बसला, दावा लागला, ट्रान्सपोर्टवाल्याने १,८५,००० मध्ये मिटवलं आणि वकिलाचे १२,००० गेले, तर तो १,९७,००० मागू शकतो. आपल्या खिशातून थोडेच जातायत म्हणून कमकुवत दाव्यात डोळे मिटून पूर्ण दोन लाख भरले असते तर मात्र वाद झाला असता.

आधी स्वतः पैसे भरलेच पाहिजेत का, हा प्रश्न सारखा येतो. कलम १२५ वाचून तसं वाटतं, पण मुंबई हायकोर्टाने १९४२ मध्ये गजानन मोरेश्वर पारेलकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात न्यायमूर्ती छागलांच्या निकालात सांगितलं की ज्याला इंडेम्निटी दिलीय त्याच्यावर देणं पक्कं येऊन बसलं असेल तर तो प्रत्यक्ष भरण्याआधीही इंडेम्निटी देणाऱ्याला ते फेडायला लावू शकतो. पक्कं म्हणजे खरोखर पक्कं. कोणीतरी धमकीचं पत्र पाठवलंय तेवढ्यावर हे चालत नाही, हुकूमनामा झालेला असेल तर चालतं.

## ७. जामीनदाराने पैसे भरल्यावर

आता तो न लिहिलेला तिसरा करार. कलम १४५ म्हणतं की प्रत्येक गॅरंटीत मूळ कर्जदाराने जामीनदाराला भरपाई करून देण्याचं वचन गृहीत धरलेलं असतं. म्हणजे गंमत बघा, गॅरंटीच्या पोटात एक छोटी इंडेम्निटी असतेच, आणि तिचा मालक जामीनदार.

पण त्याला परत मिळतं ते योग्य रीतीने भरलेलंच. मेहुण्याने लेजर न बघता २,१०,००० भरले आणि नंतर कळलं की ३०,००० चा माल परत गेला होता, तर दुकानदाराकडून १,८०,००० च मिळणार, वरचे होलसेलरकडे मागत बसायचं. तसंच बचावाला काही आधार नसताना उगाच केस लढवून वाढवलेला खर्चही दुकानदारावर टाकता येत नाही.

त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी मेहुण्याने खातेउतारा मागायचा, दुकानदाराला मेसेज टाकायचा की ‘एवढे मागतायत, तुझी काही हरकत आहे का’, चेक किंवा ट्रान्सफरनेच भरायचे, पावतीवर ‘जामीनदार म्हणून’ हे शब्द लिहून घ्यायचे आणि तारण असेल तर त्याच दिवशी ताब्यात मागायचं. जामीनदार दोन असतील आणि एकाने सगळं भरलं, तर दुसऱ्याकडून अर्धा वाटा मागता येतो, वेगळं ठरलं नसेल तर वाटे सारखे. दुकानदारावर दावा लावायला त्याला तीन वर्षं मिळतात आणि ती मोजायची त्याने होलसेलरला पैसे दिले त्या तारखेपासून, म्हणून ती पावती हमीच्या कागदालाच टाचून ठेवा.